ओला-कोरडा तापमापक: शाळेच्या व्हरांड्यात हवेची आर्द्रता मोजताना

दहावीला उष्णतेच्या धड्यात सापेक्ष आर्द्रता येते, दवबिंदू येतो, उदाहरणंही सोडवून होतात. पण आज आपल्या शाळेच्या आवारात आर्द्रता किती आहे, हे मोजून बघणारा वर्ग क्वचितच सापडतो. खरं तर त्यासाठी लागतं किती? प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक, बोटभर मलमल, औषधाची रिकामी बाटली, थोडं डिस्टिल्ड वॉटर आणि एक टेबल फॅन. यातला फॅन बहुतेकजण वगळतात, आणि तिथंच प्रयोग फसतो. तासगावच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवताना हे मला दोन वर्षं चुकल्यावर कळलं. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून इथं सगळं सविस्तर सांगतो.

दोन तापमापकांत फरक का पडतो

एका तापमापकाचा फुगा उघडा ठेवायचा आणि दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळायचं. उघडा आहे तो कोरडा तापमापक. तो हवेचं तापमान दाखवतो. ओल्या कापडातल्या पाण्याची वाफ होत राहते आणि वाफ व्हायला उष्णता लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला खोलीच्या तापमानाला साधारण ५८० कॅलरी लागतात. (पुस्तकातला ५४० हा आकडा उकळत्या पाण्याचा, १०० अंशांचा आहे. मुलं हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगून टाका.) ही उष्णता कापडातून आणि फुग्यातूनच जाते, त्यामुळे ओला तापमापक उतरायला लागतो.

मग तो उतरतच का जात नाही? कारण फुगा जसजसा गार होतो, तसतशी भोवतालच्या गरम हवेतून त्याच्याकडे जास्त उष्णता येऊ लागते. एका टप्प्याला हवेतून येणारी उष्णता आणि वाफेसोबत जाणारी उष्णता सारखी होते आणि पारा, किंवा लाल द्रव, तिथंच थांबतो. तो थांबला तो अंश म्हणजे ओलं तापमान. हवा कोरडी असेल तर वाफ झपाट्यानं होते आणि फरक मोठा पडतो. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर फरक अगदी थोडा राहतो, आणि धुक्यात तर दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवतात. चैत्रातलं माठातलं पाणी दात शिवशिवण्याइतकं गार लागतं आणि आषाढात तोच माठ नुसता भिजत बसतो, त्याचं कारणही हेच.

आधी दोन्ही तापमापकांची जोडी जुळवा

आपण मोजणार आहोत तो दोन आकड्यांमधला फरक. म्हणून दोन्ही तापमापक एकाच तापमानाला एकच आकडा दाखवतात का, हे सर्वांत आधी बघायचं. तांब्याभर पाण्यात दोन्ही फुगे शेजारी-शेजारी बुडवून पाच मिनिटं ठेवा, पाणी मधूनमधून हलवा आणि वाचा. आमच्या पेटीतल्या जोडीत एक तापमापक अर्धा अंश जास्त दाखवायचा. त्याला लाल दोरा बांधून ठेवला आणि त्याच्या प्रत्येक वाचनातून अर्धा अंश वजा करायचा असं ठरवलं. फरक दीड-दोन अंशांचा असेल तर तो तापमापक बाजूला ठेवून दुसरा घ्या. लाल द्रवाचे तापमापक घेतलेले बरे. पाऱ्याचा हातातून पडला तर वर्ग रिकामा करण्यातच तास जातो.

शाळेतल्या तापमापकावर एकेका अंशाच्या रेषा असतात. दोन रेषांच्या मधे द्रव असेल तर डोळा बरोबर समोर आणून अर्ध्या अंशापर्यंत अंदाज करता येतो. त्याहून बारीक वाचायचा हट्ट धरू नका.

कापड, वात आणि पाणी

कापड पातळ, सुती, पांढरं हवं. मलमल उत्तम, पण नवी मलमल तशीच वापरायची नाही. पहिल्या वर्षी मी दुकानातून आणलेला तुकडा तसाच गुंडाळला होता. मार्चची रणरणती दुपार, आणि ओला तापमापक कोरड्यापेक्षा जेमतेम चार अंशांनी खाली! तेवढ्यावरून हिशेब केला तर हवा पावसाळ्यासारखी दमट निघत होती आणि बाहेर तर ओठ फुटत होते. नंतर कापडावर ड्रॉपरनं थेंब टाकून बघितला, तर तो आत न मुरता मण्यासारखा वर बसून राहिला. कापडात खळ होती. तेव्हापासून मलमल साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची, साध्या पाण्यात तीन-चारदा खळबळून काढायची आणि मगच वापरायची, असा नियम केला. थेंब टाकल्याबरोबर पसरला तर कापड तयार झालं असं समजा.

कापडाचा एकच पदर फुग्याला घट्ट बसवा आणि फुग्याच्या वर दीड-दोन सेंटीमीटर काचेवरही येऊ द्या. वरची काच उघडी राहिली तर ती गरम हवेतली उष्णता फुग्याकडे खाली आणते. दोन-तीन पदर गुंडाळू नका, कारण मग आतलं पाणी स्थिर व्हायला फार वेळ घेतं. वर-खाली सुती दोऱ्यानं बांधा.

वातीसाठी जाड सुती दोऱ्याचे चार-पाच पदर एकत्र घ्या आणि तेही कापडाबरोबर उकळून घ्या. देवाच्या निरांजनाची वात चालते, फक्त ती तेला-तुपाला लागलेली नको. वातीचं वरचं टोक कापडाला आणि खालचं बाटलीत. बाटलीच्या झाकणाला छोटं भोक पाडून त्यातूनच वात काढा, आणि बाटलीचं तोंड फुग्याच्या पाच-सहा सेंटीमीटर खाली, थोडं बाजूला ठेवा. उघडी वाटी फुग्याखाली धरली तर तिचीच वाफ फुग्याभोवती जमते आणि आपण हवेची नव्हे, वाटीची आर्द्रता मोजत बसतो.

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीत घालायला मिळतं तेच. आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड, की आठ दिवसांत कापडावर पांढरा थर चढून ते कडक होतं. क्षारांनी भरलेलं कापड पाणी नीट ओढत नाही आणि ओला तापमापक जितका उतरायला हवा तितका उतरत नाही. कापड हाताला खरखरीत लागलं की बदलायचं.

मांडणी

दोन लाकडी स्टुलांवर एक पट्टी आडवी ठेवा आणि तिला दोन्ही तापमापक एकमेकांपासून दहा-बारा सेंटीमीटर अंतरावर टांगा. फुगे मोकळ्या हवेत लटकले पाहिजेत, लाकडाला किंवा भिंतीला टेकता कामा नयेत. जागा सावलीची हवी. उत्तरेकडचा व्हरांडा मिळाला तर फारच छान. वर तापलेला पत्रा, समोर ऊन पडलेली भिंत किंवा नुकतंच पाणी मारलेलं अंगण, यांतलं काहीही जवळ नको.

टेबल फॅन मीटरभर अंतरावर असा ठेवा, की वारा दोन्ही फुग्यांना एकाच वेळी समोरून लागेल. ओल्या फुग्यावरून गेलेली हवा कोरड्यावर जाईल अशी मांडणी करू नका.

फॅन कशाला लागतो ते आता सांगतो. हवा स्थिर असली की ओल्या कापडाभोवती त्याच्याच वाफेचं पातळ आवरण तयार होतं. त्या आवरणामुळे पुढची वाफ होणं मंदावतं. शिवाय आजूबाजूच्या भिंती आणि माणसं यांच्याकडून प्रारणानं येणारी उष्णता फुग्याला मिळतच राहते. दोन्हींमुळे ओला तापमापक खऱ्या ओल्या तापमानाच्या वरच अडकतो. सेकंदाला तीनेक मीटर वेगाचा वारा लागला की आवरण सतत पुसलं जातं आणि प्रारणाचा वाटा नगण्य होतो.

इथं वर्गात एक शंका येणारच. आमच्याकडे एका मुलीनं विचारलं, "सर, पंख्यानं कोरडा बी गार होईल की, मग फरक कसा कळायचा?" उत्तर तोंडी देऊ नका. फॅन लावा आणि तिलाच कोरडा तापमापक वाचायला सांगा. ३५ वर असलेला ३५ वरच राहतो. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते अंगावरच्या घामामुळे. कोरड्या काचेला घाम नाही, म्हणून हवेच्या तापमानाखाली जायचं तिला कारणच नाही. माझ्या मते अख्ख्या प्रयोगात याहून मोलाची दोन मिनिटं दुसरी नाहीत.

वाचन

ड्रॉपरनं कापड पूर्ण भिजवा. पाणी व्हरांड्यातच ठेवलेलं असावं, फ्रीजमधलं नको. गार पाण्यानं उत्तर चुकत नाही, पण स्थिर व्हायला उगाच वेळ जातो. फॅन सुरू करा आणि दर मिनिटाला ओला तापमापक वाचून फळ्यावर लिहा. मार्चमधल्या एका दुपारचा आमचा फळा असा होता: २९, २६, २४, २२.५, २१.५, २१, २०.५, २०.५, २०.५. सलग तीन वेळा तोच आकडा आला, म्हणून ओलं तापमान २०.५ धरलं. लगेच कोरडा वाचला, तो ३५.

वाचताना श्वास रोखायचा आणि तोंड फुग्यापासून लांब ठेवायचं. पाच मुलं एकदम वाकून बघायला लागली तर ओला तापमापक अर्धा अंश चढलेला दिसतो. आधी ओला वाचा, मग कोरडा.

आपल्याकडच्या एप्रिलमध्ये आणखी एक भानगड होते. वाफ इतक्या वेगानं होते, की वातीला पाणी पुरवणं जमत नाही. आकडा २०.५ पर्यंत उतरतो आणि काही मिनिटांनी आपोआप २१, २२ असा चढू लागतो. हवा दमट झाली असं वाटेल, पण कापडाच्या वरच्या कडेला बोट लावून बघा, ती कोरडी पडलेली असते. पुन्हा थेंब सोडा, पुन्हा थांबा, आणि खाली जाऊन जिथं स्थिर झाला तोच आकडा धरा.

हिशेब

तयार तक्ते मिळतात, पण एकदा तरी हातानं हिशेब करावा, म्हणजे तक्ता कुठून आला ते कळतं. त्यासाठी वेगवेगळ्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते, ते वाफेच्या दाबाच्या रूपात लागतं. याला संपृक्त बाष्पदाब म्हणतात.

| तापमान (अंश सेल्सिअस) | संपृक्त बाष्पदाब (हेक्टोपास्कल) |
|---|---|
| १६ | १८.२ |
| १८ | २०.६ |
| २० | २३.४ |
| २२ | २६.४ |
| २४ | २९.८ |
| २६ | ३३.६ |
| २८ | ३७.८ |
| ३० | ४२.४ |
| ३२ | ४७.६ |
| ३४ | ५३.२ |
| ३६ | ५९.४ |

मधल्या तापमानाला मधला आकडा काढून घ्यायचा. आता सूत्र असं:

हवेतला बाष्पदाब = ओल्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब − ०.६३ × (कोरडं तापमान − ओलं तापमान)

यातला ०.६३ हा आकडा फॅनच्या वाऱ्यासाठी आणि सांगलीच्या उंचीसाठी आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो, त्यावरून तो येतो. साताऱ्यालाही हाच धरलात तरी उत्तरात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. महाबळेश्वरला मात्र ०.५७ घ्या.

आमची दुपार घेऊ. ओलं २०.५, म्हणजे संपृक्त बाष्पदाब सुमारे २४.१. फरक १४.५ अंश, त्याला ०.६३ नं गुणलं की ९.१. वजा करून हवेतला बाष्पदाब आला १५.०. कोरड्या ३५ अंशांना हवेत ५६.३ इतकी वाफ मावली असती. १५.० भागिले ५६.३, म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे २७ टक्के.

त्याच दिवशी सकाळी साडेआठला आम्ही वाचन घेतलं होतं. भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळाही सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला नोंदी घेतात, म्हणून तीच वेळ धरली. तेव्हा कोरडा २२ आणि ओला १६.५ होता. १६.५ चा संपृक्त बाष्पदाब १८.८, त्यातून ५.५ गुणिले ०.६३ म्हणजे ३.५ वजा, उरले १५.३. भागिले २६.४, म्हणजे ५८ टक्के.

सकाळी ५८, दुपारी २७. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला, की उन्हानं हवेतली निम्मी वाफ संपली. मग मधले आकडे बघायला लावले: सकाळी १५.३, दुपारी १५.०. वाफ जवळपास होती तेवढीच होती. वाढलं ते माप. २२ अंशांच्या हवेत २६.४ मावत होती, ३५ अंशांच्या हवेत ५६.३ मावू लागली, म्हणून तेवढ्याच वाफेची टक्केवारी निम्म्याहून खाली आली. नुसता तक्ता बघून टक्के लिहिले असते तर ही गोष्ट नजरेतून सुटली असती, म्हणून हातानं हिशेब करायचा माझा आग्रह.

आता तीच दुपार फॅनशिवाय. त्याच वेळी दारं-खिडक्या बंद असलेल्या वर्गात दुसऱ्या गटानं जोडी मांडली होती. कोरडा तिथंही ३५ होता, पण ओला २२.५ वरच थांबला. वरचंच सूत्र वापरून त्यांचं उत्तर ३४ च्या आसपास आलं. हवा तीच, फरक सात टक्क्यांचा. स्थिर हवेसाठी ०.६३ ऐवजी मोठा आकडा घ्यावा लागतो, पण तो वाऱ्याच्या झुळकेगणिक बदलतो, त्यामुळे त्याच्या नादी लागण्यापेक्षा फॅन लावलेला बरा. छापील तक्ता वापरणार असाल तर तो वाऱ्यातल्या तापमापकासाठी आहे की पेटीत टांगलेल्या, हे वरच्या ओळीत बघून घ्या.

अर्ध्या अंशाची चूक किती महागात पडते, तेही एकदा काढून बघा. ओलं तापमान २०.५ ऐवजी २१ धरलं तर वरचं उत्तर २७ ऐवजी २९ च्या जवळ जातं. जुलैत कोरडा २५ आणि ओला २४ असेल तर आर्द्रता ९२ टक्के येते, आणि तिथं ओल्यात अर्धा अंश इकडचा तिकडे झाला की उत्तर ८८ ते ९६ मध्ये कुठंही पडतं. म्हणून वहीत "९२.१३ टक्के" असं लिहिणाऱ्या मुलाला दशांश खोडायला लावतो. पावसाळ्यात ओला कोरड्याच्या वर दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा जोडीतला तो अर्धा अंश वजा करायचा राहिलेला असतो.

बेदाण्याच्या शेडवर

जोडी नीट जमली की ती उचलून दुसरीकडे न्यावी. आम्ही जवळच्या एका बेदाणा शेडवर नेली, बॅटरीवरचा छोटा फॅन घेऊन. शेडच्या बाहेर, वारा येतो त्या बाजूला सावलीत कोरडा ३५ आणि ओला २०.५. मग रॅकच्या मधल्या भागात गेलो, जिथं वारा ओल्या द्राक्षांवरून फिरून येत होता. कोरडा ३२ झाला, ओला मात्र २०.५ वरून हलेना. मुलांना वाटलं, तापमापक बिघडला. कापड तपासलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा तेच.

बिघाड काहीच नव्हता. द्राक्षांतलं पाणी उडायला लागणारी उष्णता त्या हवेनंच दिली होती, म्हणून हवा तीन अंशांनी गार झाली, आणि त्याच वेळी तिच्यात वाफ वाढली. हे दोन्ही एकमेकांना असे भरून काढतात, की ओलं तापमान जागचं हलत नाही. घरातल्या वाळ्याच्या कूलरचंही तसंच असतं. बाहेर ३५ आणि २०.५ असेल तर कूलर कितीही चांगला असला, तरी त्याची हवा २०.५ च्या खाली जाऊ शकत नाही. रॅकमधली आर्द्रता काढली: २४.१ मधून ११.५ गुणिले ०.६३ म्हणजे ७.२ गेले, उरले १६.९, भागिले ४७.६, सुमारे ३५ टक्के. बाहेर २७, आत ३५.

शेडचे मालक इतका वेळ खांबाला टेकून बघत होते. आकडे ऐकल्यावर म्हणाले, "म्हणूनच मधला माल कडंच्यापेक्षा मागं राहतोय म्हणा की." आणि पोरांना घेऊन वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, शेवटच्या रॅककडे मोजायला निघाले.